साखर न घातलेली बदाम वडी : दुकानात आणताना ठेवलेल्या नोंदी

2 जून
आमच्या दुकानात सर्वांत जास्त खपणारा पदार्थ म्हणजे बदाम वडी. सोललेले बदाम वाटून, साखरेचा पाक करून, दोन्ही एकत्र आटवून ती थापली जाते. तिच्यात दूध नाही, खवा नाही. गेले काही महिने दिवसाकाठी दोन-तीन गिऱ्हाइके साखर नसलेला काही पदार्थ आहे का, असे विचारतात आणि नसल्याने परत जातात, म्हणून हीच वडी साखरेशिवाय करून पाहायचे ठरले. काउंटरवर वीस वर्षे उभे राहणारे काका एवढेच म्हणाले, ‘‘नवी वडी खपली नाही तरी चालेल, पण तिच्यामुळे जुनीकडे कोणी संशयाने पाहू लागला, तर तुम्हाला ते परवडणार नाही.’’ पुढे जे घडले ते पाहता हे वाक्य पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहून ठेवायला हवे होते. असाच प्रयोग कुणाला करायचा असेल तर उपयोग व्हावा, म्हणून चुकांसह सर्व लिहून ठेवत आहे.

5 जून
पहिला घाणा साखरेऐवजी एरिथ्रिटॉल या दुसऱ्या गोड पदार्थाचा केला आणि तो फुकट गेला. साखरेइतक्याच वजनाचे एरिथ्रिटॉल घातले होते. ताजी वडी बरी वाटली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोडली तेव्हा आत बारीक चकाकणारे खडे दिसले आणि दाताखाली रेती आल्यासारखे झाले, कारण एरिथ्रिटॉल थंड होताना फार लवकर पुन्हा स्फटिकरूप होते. शिवाय ते विरघळताना तोंडातली उष्णता शोषून घेते, त्यामुळे जिभेवर पुदिन्याची गोळी ठेवल्यासारखा गारवा येतो, आणि गोडीही साखरेच्या साधारण दोनतृतीयांशच असते. चार किलोंचा घाणा आणि दीड दिवस वाया गेला.

झायलिटॉल या अशाच दुसऱ्या पर्यायाचा विचार आधीच सोडला होता. ते कुत्र्यांना विषारी असते, आणि मिठाईचा तुकडा घरातल्या कुत्र्यासमोर टाकण्याची सवय अनेकांना असते. प्रत्येक डब्यावर त्याची सूचना छापण्यापेक्षा तो पदार्थ न वापरणे सोपे होते.

9 जून
तिसरा पर्याय, माल्टिटॉल, जमला. त्याची गोडी साखरेच्या साधारण नऊदशांश असते, पाक जवळजवळ साखरेसारखाच होतो आणि खडे होत नाहीत. फरक दोन राहिले. ते साखरेसारखे तांबूस होत नाही, म्हणून वडी जरा फिकट दिसते. आणि आमच्या भट्टीवर तरी तिला घट्ट व्हायला वेळ लागतो, त्यामुळे ती सहा तासांऐवजी रात्रभर ठेवून मगच कापावी लागते. गोडीतली उरलेली तूट भरायला दुसरा तीव्र गोडवा घालण्याचा मोह झाला होता, पण त्याची मागाहून रेंगाळणारी चव बदामाच्या चवीवर बसते. थोडी कमी गोड वडी चालेल, चव बदललेली चालणार नाही, असे ठरवून थांबलो.

12 जून
आज नावावरून दिवस गेला. मी सरळ ‘शुगर फ्री’ लिहिणार होतो, ते लिहिता येत नाही हे हिशोब मांडल्यावर कळले. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार 100 ग्रॅम पदार्थात 0.5 ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल तर त्याला साखरमुक्त म्हणता येत नाही. आमच्या वडीत 100 ग्रॅममागे 45 ग्रॅम बदाम, 45 ग्रॅम माल्टिटॉल आणि उरलेले पाणी असते. बदामात स्वतःचीच साखर शेकडा चार-साडेचार ग्रॅम असते, म्हणजे एक चिमूटभर साखर न घालताही वडीत जवळजवळ 2 ग्रॅम साखर येते. दुधाच्या मिठाईत दुग्धशर्करेमुळे हा आकडा आणखी मोठा होतो. म्हणून ‘साखर न घातलेली’ हेच खरे वर्णन आहे. ते वापरायचे तर मध, खजुराचा गर किंवा फळांच्या रसाचा अर्कही चालत नाही, कारण त्यांच्यामार्फत साखरच घातली जाते.

दुसरा हिशोब ऊर्जेचा. बदामाच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 580 किलोकॅलरी असतात. साखरेच्या एका ग्रॅममध्ये 4, आणि माल्टिटॉलसाठी लेबलवर सर्वसाधारणपणे 2.4 धरतात. तेव्हा नेहमीच्या वडीत बदामाचे 261 आणि साखरेचे 180 मिळून सुमारे 440 किलोकॅलरी होतात, आणि नव्या वडीत 261 अधिक 108, म्हणजे सुमारे 370. फरक सुमारे 16 टक्क्यांचा. ‘कमी ऊर्जेची’ असे तुलनेने म्हणण्यासाठी किमान 25 टक्के फरक असावा लागतो, म्हणजे ‘हलकी’ हा शब्दही गेला. वडीतली ऊर्जा मुख्यतः बदामाच्या तेलातून येते आणि बदाम तर दोन्हींत तेवढेच आहेत.

हा हिशोब मी तेव्हा केवळ कायद्याची अडचण म्हणून पाहिला. खरे तर नवी वडी जुनीहून श्रेष्ठ आहे असे सांगण्याजोगा आधारच आपल्याकडे नाही, हे तो तेव्हाच सांगत होता. ते मला ऐकू आले नाही.

16 जून
नवी वडी काउंटरवर आली. कोपऱ्यातला वेगळा कपाटवजा शोकेस तिला दिला, हिरव्या रंगाची पट्टी लावली आणि वर मोठा फलक लावला : ‘आता गोड खा, काळजी न करता!’ हे वाक्य माझे. छपाईवाल्यालाही ते फार आवडले होते. तसल्याच मजकुराची 500 लेबले छापून घेतली.

संध्याकाळपर्यंत नवी वडी अडीच किलो गेली आणि आम्ही खूश झालो.

18 जून
खुशी दोन दिवस टिकली. काका काउंटरखाली एक वही ठेवतात, तिच्यात उधारीबरोबर गिऱ्हाइकांचे बोलणेही असते. आजच्या पानावरच्या तीन ओळी तशाच उतरवतो :

‘‘म्हणजे इतकी वर्षं तुमची वडी काळजी करत खायला हवी होती का?’’
‘‘मुलांना कुठली देऊ? ती हिरवीवालीच द्या, उगाच कशाला.’’
‘‘मग ही दुसरी अजून ठेवता कशाला?’’

तिसरा प्रश्न सर्वांत वाईट, कारण त्यात नेहमीची वडी ‘दुसरी’ झाली होती. दोन दिवसांत तिचा खप सुमारे पाचव्या हिश्श्याने घसरला. नव्या वडीने नवी गिऱ्हाइके फारशी आणली नव्हती. जुन्यांनाच तिने इकडून तिकडे ढकलले होते, आणि तेही आनंदाने नव्हे, जरा घाबरून. अर्धा किलो नेहमीची वडी बांधून घेतलेल्या एक बाई फलक वाचून परत वळल्या आणि पाव किलो कमी करा म्हणाल्या. त्यांना साखरेचा काही त्रास नाही. फलक वाचला नसता तर त्या कधीच्या घरी पोहोचल्या असत्या.

‘काळजी न करता’ हे शब्द नव्या वडीविषयी आहेत असे मला वाटत होते. वाचणाऱ्याला त्यातून शेजारच्या ताटाविषयीच काहीतरी कळत होते. फलक त्याच संध्याकाळी उतरवला.

19 जून
फलक उतरवायला एक दिवस उशीर झाला असे आज कळले. 17 तारखेला डबा नेलेल्या एका गिऱ्हाइकाने एका बैठकीत सहा वड्या खाल्ल्या, आणि रात्रभर पोटाने छळले म्हणून आज ते स्वतः दुकानात आले. आमची वडी 20 ग्रॅमची, तिच्यात 9 ग्रॅम माल्टिटॉल. सहा वड्यांत 54 ग्रॅम झाले. माल्टिटॉलसारखे पदार्थ लहान आतड्यात पुरते शोषले जात नाहीत, पुढे मोठ्या आतड्यात जाऊन पाणी ओढतात आणि आंबतात. त्यामुळे पोट फुगते, जुलाब होतात. सोसण्याची मर्यादा माणसागणिक वेगळी असते, पण एका वेळी 54 ग्रॅम हे बहुतेकांना जास्तच. युरोपात 10 टक्क्यांहून अधिक असे पदार्थ घातले असतील तर अतिसेवनाने जुलाब होऊ शकतात, अशी सूचना लेबलवर बंधनकारक आहे. आमच्या वडीत 45 टक्के असताना आमच्या लेबलवर एक शब्द नव्हता.

त्या गृहस्थांनी रागावून सांगितले नाही, त्यामुळे जास्त लागले. ते म्हणाले, ‘‘मी नेहमीच्या दोनच खातो हो. तुम्हीच काळजी करू नका म्हणालात.’’ डब्याचे पैसे परत दिले. 500 पैकी उरलेली 430 लेबले रद्दीत गेली.

22 जून
नवे लेबल लिहायला घेतले आणि दुसरी चूक केली. दोन्ही वड्यांना समान वागवायचे या हेतूने नावे अशी ठेवली : ‘बदाम वडी, साखर घातलेली’ आणि ‘बदाम वडी, साखर न घातलेली’. कागदावर हे अगदी न्याय्य दिसते. ताटांपुढे पाट्या लावून काकांना दाखवल्या तेव्हा ते म्हणाले, ‘‘आपण चोरी कबूल केल्यासारखं वाटतंय.’’ त्यांचे खरे होते. वर्षानुवर्षे जिचे नाव नुसते ‘बदाम वडी’ आहे, तिला एकाएकी ‘साखर घातलेली’ म्हटले की साखर हा तिच्यातला दोष म्हणून उघड केल्यासारखा होतो. ‘मूळ’, ‘पारंपरिक’, ‘साधी’ हे शब्दही पडताळून पाहिले. ‘मूळ’ म्हटल्यावर नवी नक्कल ठरते, ‘साधी’ म्हटल्यावर जुनी कमी प्रतीची ठरते, आणि ‘पारंपरिक’ म्हणजे आता मागे पडलेली असा अर्थ पोरे काढतात.

शेवटी जुन्या वडीच्या नावाला हात लावायचा नाही असे ठरले. ती ‘बदाम वडी’. नवी ‘बदाम वडी, साखर न घालता (माल्टिटॉलची)’. विशेषण जिला ओळख हवी आहे तिलाच लागावे. माल्टिटॉल हा शब्द लोकांना अनोळखी आहे म्हणून तो गाळावा असे सुचवले गेले होते, पण मी तो ठेवला, कारण ‘साखर न घालता’ एवढेच वाचले की वडीत काहीतरी वाईट होते ते काढून टाकले असे वाटते. पुढे ‘माल्टिटॉलची’ आले की एका गोड पदार्थाच्या जागी दुसरा आहे, हे कळते आणि मग तो कसला, असा साधा प्रश्न येतो.

समानता नावात नव्हे, माहितीत ठेवली. दोन्ही पाट्यांवर एकाच आकाराच्या अक्षरांत, एकाच क्रमाने घटक, 100 ग्रॅममधली साखर आणि ऊर्जा लिहिली. जुनीवर ‘बदाम, साखर, साखर 47 ग्रॅम, 440 किलोकॅलरी’. नवीवर ‘बदाम, माल्टिटॉल, साखर 2 ग्रॅम, बदामातलीच, माल्टिटॉल 45 ग्रॅम, 370 किलोकॅलरी, एका वेळी जास्त खाल्ल्यास पोट बिघडू शकते’. जुन्या वडीचे आकडे लावायला मी कचरत होतो. पण नवीचे आकडे लावायचे आणि जुनीचे झाकायचे, हीच खरी लपवाछपवी झाली असती. आकडे शेजारी आल्यावर दोन्ही मिठाईच आहेत हे गिऱ्हाईक स्वतःच पाहते.

हिरवी पट्टी काढली. कोपऱ्यातला शोकेस रिकामा केला आणि दोन्ही ताटे शेजारी-शेजारी, एकाच उंचीवर ठेवली.

25 जून
पाट्या सुधारल्या, बोलणे तसेच होते. नवा पोरगा नव्या वडीकडे पाहणाऱ्या प्रत्येकाला ‘‘तुम्हाला साखर आहे का?’’ असे विचारत होता. एक मध्यमवयीन बाई ताडकन् म्हणाल्या, ‘‘तुला कशाला हवंय ते?’’ आणि काही न घेता गेल्या. ही वडी आजाऱ्यांची, ही धडधाकटांची, अशी वाटणी त्या एका प्रश्नात होते. शिवाय ‘मधुमेहींसाठी’ असे आम्ही म्हणूच शकत नाही. माल्टिटॉलने रक्तातली साखर साखरेपेक्षा कमी वाढते, पण वाढते, आणि कोणी किती खावी हे ठरवणारे आम्ही नव्हे.

संध्याकाळी दुकान मिटल्यावर सगळ्यांना बसवून काय बोलायचे ते ठरवले. बदाम वडी मागणाऱ्याला बदाम वडी द्यायची, दुसरीचा विषय आपण काढायचा नाही. दोन ताटे पाहून कोणी फरक विचारला तर म्हणायचे, ‘‘ही साखरेची, ही माल्टिटॉलची. ही किंचित कमी गोड लागते. चाखून बघा.’’ चांगली कुठली असे विचारले तर, ‘‘साखर टाळायची असेल तर ही, नाहीतर तुम्हाला आवडेल ती.’’ मधुमेहाचा विषय गिऱ्हाइकाने काढला तर पाटीवरचे आकडे दाखवायचे आणि डॉक्टरांना विचारून घ्या म्हणायचे. वजन कमी होईल का, या प्रश्नाला सरळ ‘‘नाही, बदाम तेवढेच आहेत’’ हे उत्तर. ‘पौष्टिक’, ‘निर्धास्त’, ‘पथ्याची’ हे शब्द बंद. पोरगा म्हणाला, ‘‘मग विकायची कशी?’’ प्रश्न रास्त होता. काकांनी त्याला चाखण्याचे ताट सांभाळायला दिले.

30 जून
चाखण्यातही क्रम महत्त्वाचा निघाला. पोरगा आधी जुनी आणि मग नवी द्यायचा, आणि गोड खाल्लेल्या जिभेला नवी फिकी लागायची. लोक तोंड वाकडे करून म्हणायचे, ‘‘औषध आहे तसं खायचं.’’ क्रम उलटा केला तर जुनी फार गोड लागते आणि लोक ‘‘बापरे, केवढी साखर!’’ म्हणतात, म्हणजे पुन्हा पहिलाच घोटाळा. शेवटी दोन्ही एकत्र चाखायला देणेच बंद केले. गिऱ्हाईक जिच्याकडे पाहील तिचाच तुकडा द्यायचा. तुलना घरी जाऊन ज्याची त्याने करावी.

किमतीचाही असाच घोळ होता. माल्टिटॉल साखरेच्या कितीतरी पट महाग पडते, वडी रात्रभर अडून राहते, त्यामुळे नवीचा भाव जास्त आहे. जास्त भाव म्हणजे जास्त चांगली, असा अर्थ लोक आपोआप घेतात. म्हणून भावाखाली बारीक अक्षरांत ‘माल्टिटॉल महाग असल्याने भाव जास्त’ असे लिहिले. एका गिऱ्हाइकाने ते वाचून हसत विचारले, ‘‘एवढं खरं लिहायचं असतं का?’’ आणि पाव किलो घेतली.

7 जुलै
आजची चूक शब्दांची नव्हती, हातांची होती. घाईत नव्या ताटाच्या चिमट्याने जुन्या वड्या उचलल्या गेल्या आणि एका डब्यात दोन्ही प्रकार मिसळले. रंगातला फरक इतका थोडा की डबा बंद झाल्यावर मलाही सांगता येईना. डबा साखर टाळणाऱ्या माणसाचा होता. पोरगा धावत जाऊन त्याला कोपऱ्यावर गाठून बदलून देऊन आला. ओळखीसाठी नव्या वडीला हिरवा रंग देऊ, अशी सूचना लगेच आली. हिरव्याने एकदा काय केले ते पाहिले असल्याने ती नाकारली आणि आकार बदलला : जुनी चौकोनी, नवी गोल. गोल कापताना कडेचा चुरा पडतो, दर घाण्यामागे साधारण दहावा हिस्सा, आणि तो पुढच्या घाण्यात मिसळावा लागतो. चिमटे, परात आणि कढई वेगळी केली. कढईचा खर्च आधीच करायला हवा होता; साखरेच्या पाकाची कढई नुसती विसळून त्यात ‘साखर न घातलेली’ वडी करणे हे लेबलशी प्रामाणिक नव्हे.

28 जुलै
नेहमीच्या बदाम वडीचा खप जूनच्या पहिल्या पंधरवड्याइतका झाला आहे. नवी दिवसाला एक ते सव्वा किलो जाते, पहिल्या दिवसाच्या फार तर निम्मी, पण नेणारे बरेचसे तेच तेच लोक आहेत आणि त्यांपैकी निम्मे एकाच पिशवीत दोन्ही प्रकार नेतात. वहीत ‘मग ही का ठेवता?’ हा प्रश्न गेल्या दहा दिवसांत एकदाही नाही. पोटाची तक्रार नाही.

18 जूनला पाव किलो परत केलेल्या बाई काल आल्या होत्या. नेहमीची अर्धा किलो घेतली, गोल वडीकडे बोट दाखवून ही कसली म्हणून विचारले. पोरग्याने ‘‘माल्टिटॉलची, किंचित कमी गोड लागते’’ म्हणून तुकडा पुढे केला. त्यांनी तो खाल्ला, ‘‘बरी आहे’’ म्हणाल्या, आणि चौकोनी वडीचा डबा घेऊन गेल्या.

लेबलांची तिसरी छपाई उद्या आहे. पोटाच्या सूचनेची ओळ फार बारीक आली होती, तेवढी मोठी करायला सांगितली आहे.